आईचे हात दुसऱ्याच्या दुकानात

एका बाईंचा मेसेज आला: "तुमच्याकडून गोधडी घेतली, आत नुसता फोम निघाला. लाज वाटते का?" मी चक्रावले. कात्रपच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी जाऊ जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतो आणि एका साइटवर विकतो. आमच्या गोधडीत फोम येईल कुठून?

त्यांनी लिंक पाठवली. दुकान उल्हासनगरचं. फोटो मात्र माझे, म्हणून बाईंना ते दुकान आमचंच वाटलेलं. त्यातला एक आईच्या हातांचा, टाका घालतानाचा. आई गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत मीच तो बाल्कनीत काढला होता. खाली माझंच वाक्य, जसंच्या तसं: "आमच्या आईच्या हातचा टाका." तुमची आई? डोकं सणकलं माझं.

मी तिथल्या तिथे लिहिलं, "चोर आहात तुम्ही." पाठवणार तोच जावेनं फोन हातातून काढून घेतला. ती एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळते.
"असं लिहिलंस तर तो भांडणावरच बोलेल, फोटोवर नाही."
"मग काय, हात जोडू?"
"हो. आणि पुरावे जोड."

शेवटी दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर गेलं ते असं: "नमस्कार. आपल्या लिस्टिंगमधले फोटो आणि वर्णन आमचं आहे, ते वापरायची परवानगी आम्ही दिलेली नाही. आमच्या जुन्या लिस्टिंगची लिंक आणि आपल्या पानाचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. कृपया शुक्रवारपर्यंत दोन्ही काढावं, नाहीतर साइटकडे तक्रार करावी लागेल." त्यातला 'कृपया' लिहिताना माझे दात करकरत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज अगदी गोड.
"दीदी, फोटो तो नेट पे था. सब उठाते हैं."
"वो मेरी माँ के हाथ हैं," मी म्हणाले.
"अरे, हाथ तो हाथ है, दीदी. किसको पता चलता है?"
मी फोन ठेवला. आणखी क्षणभर थांबले असते तर जावेची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

संध्याकाळी फोटो उतरले. मजकूर तसाच. आता फोमच्या गोधडीच्या फोटोखाली माझ्या आईचा टाका! मी पुन्हा तितक्याच नम्रपणे लिहिलं. उत्तर नाही. शुक्रवार गेला. शनिवारी आम्ही साइटवर कॉपीराइटची तक्रार भरली. फोनमधले मूळ फोटो, आमचं जुनं लिस्टिंग, त्याला पाठवलेले दोन्ही मेसेज, सगळं जोडलं. आधी नीट विचारलं होतं हे त्यात दिसत होतं, आणि जाऊ मला पुन्हा पुन्हा तेवढंच दाखवत होती.

काही दिवसांनी त्याचं पान गेलं. त्या बाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी "सॉरी ताई" लिहिलं, गोधडी मात्र मागवली नाही. त्याचाही राग आला. जाऊ म्हणाली, "जिंकलो ना?" त्या माणसानं एकदाही 'चुकलं' म्हटलं नव्हतं.