पूर्णगडात ‘ने’ हरवला नव्हता

माझ्या विद्यार्थिनीने प्रबंधाचं तिसरं प्रकरण टेबलावर ठेवलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की मला वाचायच्या आधीच धास्ती वाटली. आमच्या कॉलेजात भाषाविज्ञान घेऊन पीएच.डी. करणारी ती एकटीच. पूर्णगडची कोळ्याची पोर. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. हे प्रकरण उभं राहिलं नाही तर मुंबईत तिच्या मावसभावाने कपड्यांच्या दुकानात नोकरी बघून ठेवलेली होती, आणि तिथे गेलेली पोर पुन्हा प्रबंधाकडे वळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, ‘पूर्णगडच्या बोलीतून कर्त्याचा ‘ने’ पूर्णपणे लोप पावला आहे.’

“काय सांगतेस काय!” मी म्हटलं. “पुरावा?”

“मॅडम, तासन् तास रेकॉर्डिंग केलंय. आई, काकी, शेजारणी. एकदाही ‘ने’ नाही.”

“ऐकव.”

तिने ऐकवलं. तिची आई सांगत होती, “आमी मासली धुतो, मीठ लावतो, वाळत घालतो. ही काकी बाजारात जाते, ती मासली इकते.” सगळं असंच. मी पाचेक मिनिटांत हात वर केला.

“अगं शहाणे, तू त्यांना विचारलंस काय? ‘तुम्ही काम कसं करता?’ मग त्या रोजचंच सांगणार. रोजच्या कामात ‘ने’ यायचा कुठून?”

ती हिरमुसली. मी फळ्याकडे गेले. हे मी वर्गात दर वर्षी करते आणि मला ते करायला फार आवडतं, हेही सांगून टाकते. मी लिहिलं, ‘मुलगी पडते. मुलगी हंडा भरते.’ दोन्हीकडे क्रियापद मुलीच्या मागे चालतं. खाली लिहिलं, ‘मुलगी पडली. मुलीने हंडा भरला.’ इथे काम पुरं झालं आणि सगळं फिरलं. भरणाऱ्या मुलीला ‘ने’ लागला, आणि क्रियापद तिला सोडून हंड्याच्या मागे गेलं. पडलेली मुलगी आणि भरलेला हंडा एका पंगतीला, भरणारी मुलगी दुसऱ्या. ही अर्गेटिव्ह रचना. काही भाषांचा तो बारमाही स्वभाव असतो. मराठी मात्र काम चालू असताना एक वागते आणि पुरं झाल्यावर दुसरं.

“हे मला येतं, मॅडम,” ती पुटपुटली.

“येतं ना? मग रेकॉर्डर घेऊन बसलीस तेव्हा कुठे ठेवलं होतंस? शिवाय अर्ध्या बायका ‘मी’ आणि ‘आम्ही’ म्हणून बोलतायत. तिथे तर काम पुरं झालं तरी ‘ने’ दिसत नाही. त्यांना घडून गेलेली गोष्ट विचार. एकदाच घडलेली, आणि दुसऱ्या कोणी केलेली.”

“मग माझं प्रकरण?”

“ते गेलं,” मी म्हटलं. खोटं बोलून कोणाचं भलं झालंय?

दोन दिवसांनी मी स्वतःच तिच्याबरोबर निघाले. एसटीने भाट्याचा पूल ओलांडला. मग ती म्हणाली, “मॅडम, मी नोकरीला हो सांगणार आहे. माझ्याच्याने नाही होणार.” मी म्हटलं, “आधी पूर्णगड येऊ दे.” एसटीत भांडायला मला आवडत नाही.

तिची आई अंगणात सुकट पसरत होती. हात पुसून तिने चहा ठेवला. लेकीने रेकॉर्डर चालू केला आणि तोंड पाडून बसली. म्हणून मीच विचारलं, “वहिनी, तुम्ही शाळेत होतात?”

“चौथीपर्यंत, बाई.”

“मग काय झालं?”

बाई जरा वेळ सुकट निवडत राहिली. मग बोलली ती एका दमात. “बापसान दप्तर काढून घेतलंन. आयशीन डोक्यावर मासलीची पाटी दिलीन. मास्तर घरी आला. बापसान त्याला चाय दिलीन आनि वाटेला लावलंन. मी रडले. कोनी इचारलंन नाय.”

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर दोन कारणांनी. लेकीने हे कधी ऐकलंच नव्हतं. ती आईकडे बघतच राहिली. आणि दुसरं, बापसान, आयशीन, म्हणजे बापाने, आईने! ‘ने’ होताच की, ‘न’ होऊन आत बसलेला. वर क्रियापदाच्या शेवटीही ‘न’: घेतलंन, दिलीन. दप्तर म्हणून घेतलं, पाटी म्हणून दिली, आणि त्यावर करणाऱ्याची खूण. मास्तर मात्र नुसता ‘आला’. त्याने काही घेतलं-दिलं नाही, त्याला खूण नाही.

“असं का नाही सांगितलंस कधी?” लेकीने विचारलं.

“तू इचारलंस कधी? मासली कशी सुकवतात ता इचारलंस, ता सांगितलं.” आई उठली, पुन्हा सुकटीपाशी गेली आणि पाठमोरी म्हणाली, “म्हनून मी माजी पोर शिकवली. आता ती मुंबैला जाऊन कपड्यांच्या घड्या घालनार.”

म्हणजे नोकरीचं आईला सगळं कळलं होतं. लेकीने रेकॉर्डर बंद केला नाही. परतीच्या एसटीत तिने नोकरीचा विषय काढला नाही, आणि शहाण्यासारखा मीही तो उकरला नाही.

मग तिने गावात दारोदारी जाऊन घडून गेलेल्या गोष्टी गोळा केल्या. होडी कोणी विकली, कोणाच्या सुनेने कोणाला काय सुनावलं. नवं प्रकरण मुदतीत गेलं. मी त्यात स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात झाली, सगळ्यांना खुली. आई नवं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली होती. बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे, हुशार आणि तिखट.

“म्हणजे भूतकाळात ‘ने’ येतो, एवढंच ना?” त्यांनी टोकलं.

“नाही सर. ‘आई मासळी विकत होती’, भूतकाळच आहे, ‘ने’ नाही. ‘उद्या या वेळी आईने मासळी विकली असेल’, हे उद्याचं आहे, तरी ‘ने’ आहे. काळावर नाही, काम पुरं झालंय असं बोलणारा मानतो का, त्यावर आहे.”

मी टेबलाखाली मूठ आवळली. शाब्बास!

परीक्षकांनी पानं उलटली. “हे वाक्य बघा. ‘मी माजी पोर शिकवली.’ काम पुरं झालंय आणि ‘ने’ नाही. इथे तुमचा सिद्धान्त कोसळतो की.”

ती थांबली. मला वाटलं, अडली. पण ती मागच्या बाकाकडे बघत होती.

“नाही कोसळत, सर. ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, पण रचना तीच आहे. ही बाई स्वतःबद्दल ‘मी रडले’ म्हणते. क्रियापद तिच्या मागे गेलं असतं तर ती ‘शिकवले’ म्हणाली असती. ती ‘शिकवली’ म्हणते. करणारी माझी आई आहे, सर. पण त्या वाक्यात क्रियापद तिचं नाही, माझं आहे.”

परीक्षकांनी चष्मा काढला आणि मागे वळून विचारलं, “आपण का त्यांच्या मातोश्री?”

आई उभी राहिली. “व्हय,” म्हणाली, “झाली का शिकून?”