खांद्यात चढलेला गॅस

आमच्या दवाखान्यात बायकांना आजार तीनच होत. गॅस, उष्णता आणि अशक्तपणा. चौथा आजार सांगणारी बाई मला सोलापुरात भेटली नाही. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. मी तेव्हा बायकांच्या बाह्यरुग्ण विभागात नर्स होते आणि माझ्या कामाचा अर्धा भाग नर्सचा नव्हताच. आमच्या डॉक्टरीणबाई केरळच्या. मराठीत त्यांना ‘बसा’, ‘तोंड उघडा’ आणि ‘रडू नका’ एवढंच येई. बाकी सगळं बोलणं माझ्या तोंडून इकडून तिकडे जायचं.

सुरुवातीला मी सरळ शब्दाला शब्द द्यायची. बाई म्हणाली गॅस, की मी इंग्रजीत गॅस. बाई म्हणाली उष्णता, की मी अंगात उष्णता. डॉक्टरीणबाई थर्मामीटर लावायच्या, ताप नसायचा, आणि दोघी माझ्याकडे बघत बसायच्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “मला शब्द नको. ती हात कुठं ठेवते ते सांग.” मला राग आला होता. रांग दारापर्यंत गेलेली, वर पत्र्याचं छप्पर तापलेलं, आणि यांना हात कुठं ठेवते ते हवंय! पण त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसावर जास्त दिवस रागावता येत नाही, निदान मला तरी नाही.

मग मी त्यात माझी एक भर घातली. हात कुठं ठेवते ते बघायचं आणि घरी त्यावर काय केलं ते विचारायचं. उष्णता म्हणणारीनं सब्जा भिजवून प्यायला असेल तर बहुतेक लघवीला आग होत असायची. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली असेल तर पायांची जळजळ. तोंडात तूप धरलं असेल तर तोंड आलेलं. गॅसवाली ओवा चावत असेल तर गोष्ट पोटाची, पण छाती चोळून घेत असेल तर डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप आधी उचलायच्या. अशक्तपणाचं मात्र काही खरं नसे. पापणी खाली ओढली की पांढरीफटक निघणारी बाई अशक्त, आणि घरात कुणी विचारत नाही म्हणून चार घटका आमच्याकडे येऊन बसणारीही अशक्तच. दोघींना शक्तीचं सलाईनच हवं असायचं.

अक्षय तृतीया होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपार कलायला आली होती. मला घरी जायची घाई झाली होती. मला कायमच कशाची तरी घाई असते. बसल्या जागी माझा पाय हलत असतो, आई त्यावरून शेवटपर्यंत बोलत राहिली. तेवढ्यात दुधनीकडची एक सासू सुनेला घेऊन आली. सून पंचविशीची, उंच, गप्प. सासू बोलकी, कपाळाला मोठं कुंकू, हातात भाकरीचं फडकं.

“गॅस धरलाय बघा हिला,” सासू म्हणाली. “उष्णता बी लई झालीया. अक्षय तृतीयेला आंबे खाल्ले की, त्याचीच हाय. आन् अशक्तपणा तर विचारूच नगा, सकाळी मोरीपाशी पडली. एक सलाईन लावा आन् गॅसची गोळी द्या, साडेपाचची गाडी हाय आमची.”

तिन्ही आजार एकाच बाईला. मी मनात हसले. रोज दोन तरी अशा यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. गॅस कुठं? सुनेनं पोटाखाली हात ठेवला. उष्णता म्हणजे काय होतं? ती सासूकडे बघून पुटपुटली, “अंगावर जातंया थोडं थोडं. लाल.” पाळी कधी आली, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ती गोंधळली आणि म्हणाली, “हे आता चालूच हाय की.” मी तेच पुढे सांगितलं. पाळी चालू आहे, पोटात दुखतंय, चक्कर आली. यात नवल काय? डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. मी पुढच्या बाईला हाक मारण्यासाठी दाराकडे निघालेही.

“मला तपासू दे तिला,” त्या म्हणाल्या. “आडवी कर.”

ती टेबलावर आडवी झाली आणि लगेच उठून बसली. उजवा खांदा हातानं घट्ट धरला होता.

“आडवं झालं की गॅस हितं चढतोय,” ती म्हणाली. “बसलं की उतरतोय.”

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. त्यांना मराठी कळलं नव्हतं, हात कळला होता. पोटाचं दुखणं आणि हात खांद्यावर. “पाळीचं परत विचार,” त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता.

मी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. चालू हाय. मला चिडायला झालं, तिच्यावर नाही, त्या उत्तरावर. काहीतरी बसत नव्हतं आणि ते माझ्या हाताला लागत नव्हतं. तेवढ्यात सासूनं बाकावर फडकं सोडलं. लांबून आलेल्या बायका तपासणीच्या खोलीतसुद्धा शिदोरी सोडतात. मी एरवी ओरडले असते. ज्वारीच्या पातळ भाकरी होत्या, वर शेंगाची चटणी.

“खा ग बाई थोडं,” सासू सुनेला म्हणाली. “सोताच्या हातानं थापल्यास सकाळी, आन् तोंडात तुकडा घातला न्हाईस.”

मी भाकरीकडे बघत राहिले. सासूच्या गळ्यात लिंग होतं की माळ ते आठवत नाही, पण घर जुन्या वळणाचं होतं हे तिच्या पदराच्या घेण्यावरूनही कळत होतं. अशा घरात पाळीतली बाई चुलीला शिवत नाही. चार दिवस बाहेर बसते, आयतं खाते.

“आजी,” मी विचारलं, “ही बाहेर बसली न्हाई?”

“बाहेर कशापायी बसंल?”

“ही म्हणते चालू आहे.”

“ते पाळीचं कुटलं, ते उष्णतेचं हाय,” सासू म्हणाली, जणू मी अगदीच अडाणी. “पाळीचं आमाला कळत न्हाय व्हय? हे काळपट हाय, आन् थेंब थेंब. त्याला कोन बाहेर बसवतंय?”

“मग पाळीची कधी बसली होती?”

सासूनं सुनेकडे बघितलं. सुनेनं खाली. “होळीच्या आदी,” सासू हळू म्हणाली. “हिचं मागंपुढं हुतंच. आमी बोललो न्हाई कुणाला. सात वर्षं झाली लग्नाला, बोलायचं तरी किती डाव?”

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की जाणारं रक्त पाळीचं नाही. घरानं ती पाळी धरलेलीच नाही. शेवटची पाळी होळीच्या आधीची, दोन महिने होत आले. सकाळी मोरीपाशी बेशुद्ध पडली, तोच अशक्तपणा. आणि खांद्यातलं दुखणं आडवं झाल्यावर येतं.

त्यांनी नाडी धरली, पापणी ओढली, रक्तदाब घेतला आणि सुई मागितली. पोटात घातलेल्या सुईतून रक्त आलं. काचेच्या नळीत ते आम्ही धरून उभ्या राहिलो आणि ते गोठेना, म्हणजे शिरेतलं नव्हतं, पोटात आधीच सांडलेलं होतं. गर्भ पिशवीत नव्हता, पिशवीकडे जाणाऱ्या नळीत होता, आणि ती नळी फुटली होती. आत सांडलेलं रक्त वर छातीच्या पडद्यापर्यंत गेलं की खांदा दुखतो. तिच्या भाषेत गॅस चढतो. तिनं चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं.

आता सासूला पटवायचं होतं. ती फडकं बांधून उभी राहिली होती. “ऑपरेशन? गॅसला? तुमी सलाईन लावा, गाडी जाईल आमची.”

मी तिच्यावर आवाज चढवला. चढवायला नको होता, पण माझ्याजवळ दुसरा आवाज नव्हता. “आजी, गॅस न्हाई हा. पोटात रक्त सांडतंय. गाडीत बसवलीत तर दुधनीला तुम्ही एकट्याच उतराल.”

तिनं फडकं परत बाकावर ठेवलं. मग तिनं विचारलं, “कुटं अंगठा लावायचा?”

तिचा धाकटा मुलगा इथंच मिलमध्ये होता, शुक्रवार पेठेत राहायचा. त्याला बोलावणं धाडलं. त्याचं रक्त जुळलं, नशीब. ऑपरेशन चाललं होतं तोवर मी घरी गेले नाही. ड्यूटी संपली होती. बाटल्या पुसल्या, पुसलेल्या परत पुसल्या, दारापर्यंत जाऊन आले. सासू भिंतीला टेकून बसली होती. मिलचा भोंगा झाला तशी ती दचकली आणि म्हणाली, “सिस्टर, आमच्या आंब्यानं झालं का हो हे?” मी नाही म्हणाले. तिला ते खरं वाटलं नसावं.

सून वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, सांग हिला. एक नळी काढली, दुसरी चांगली आहे, पुढे मूल होऊ शकतं. हे उलटं भाषांतर मला कधीच जमत नसे. नळीला घरात शब्द नसतो. मी म्हणाले, “गर्भ राहिला होता बाई. पण वाटेतच अडकला, पिशवीत पोचला न्हाई. तुझ्या जिवावर आला, म्हणून काढावा लागला. दुसरी वाट धड आहे.”

तिनं बाकीचं ऐकलंच नाही. “म्हंजी राहिला हुता?” तिनं विचारलं.

“होय.”

“मला?”

“तुलाच की.”

ती रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ‘रडू नका’ म्हटलं नाही, त्यांना ते येत असूनही. मी मात्र खिडकीकडे वळले. मला त्या क्षणी तिच्याबद्दल वाईट आणि बरं एकदमच वाटलं. सात वर्षं जिला वांझ म्हणत आले, तिला कुणीतरी आज सांगितलं होतं की तू वांझ नाहीस, आणि सांगताना मूल नव्हतं. सासू खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पदर सावरून बाहेर निघून गेली. मला वाटलं, झालं, आता मुलाच्या दुसऱ्या लग्नाचं बघेल ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेरीला गेलो तर सुनेच्या डोक्याला आणि कानांना सुती फडकं घट्ट बांधलेलं. तेच भाकरीचं, धुऊन आणलेलं. उशाशी शेपूची जुडी. सासू तिच्या पायांना हलक्या हातानं तेल लावत होती आणि मला बघताच म्हणाली, “डिंकाचं लाडू कदी चालतील, तेवडं इचारा डाक्टरीणबाईंना. आन् सव्वा म्हयना हिला पान्यात हात घालू देनार न्हाई मी.”

डॉक्टरीणबाईंनी त्या फडक्याकडे बोट केलं. “हे काय? कान दुखतोय का तिचा? ताप आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “सासूनं तिला बाळंतीण धरलंय.”

वैशाखातलं सोलापूर, पंखा बंद पडलेला, आणि ती बाई घामानं निथळत होती. फडकं सोडायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. तिनंही ते सोडलं नाही.