सगळ्यांच्या हातातली शीट

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार दामाजी केणे अकरा वर्षं मेंटेनन्सचा हिशोब वहीत चोख लिहायचे. सेक्रेटरी अद्वैत सामंतांना त्या वहीची लाज वाटायची. त्यांनी दामाजींना ऑनलाइन शीट करायला लावली आणि "पारदर्शकता हवी" म्हणत बेचाळीसही घरांना एडिटचा हक्क द्यायला लावला.

रविवारी सकाळी लिंक आली आणि आमचे सगळे विद्वान एकदम तुटून पडले. कुणीतरी फक्त नावांचा कॉलम सॉर्ट केला. नावं अकारविल्हे हलली, फ्लॅट नंबर आणि थकबाकी मात्र जागच्या जागी राहिली. मग जो तो आपल्या नावासमोर शून्य टाकू लागला, म्हणजे दुसऱ्याचीच थकबाकी पुसू लागला. अनडू दाबावं तर फक्त स्वतःचा बदल मागे जायचा, घोळ तसाच.

'अ'मुळे पहिल्या ओळीत आले अद्वैत सामंत, आठ महिने थकलेले! ते ग्रुपवर कडाडले, "केणे, ही बदनामी आहे. जमत नसेल तर राजीनामा द्या."

कुणी कधी काय बदललं ते दाखवणारी व्हर्जन हिस्टरी उघडून दामाजींनी दहा वाजून चौदा मिनिटांचा तो सॉर्ट ग्रुपवर टाकला. करणाऱ्याचं नाव होतं अद्वैत सामंत. मग दहा तेराची शीट परत आणून सगळ्यांना फक्त बघायचा हक्क ठेवला.

तासाभराने एडिटची परवानगी मागणारा पहिला मेल आला, सामंतांचाच. कारण लिहिलं होतं, "सेक्रेटरीचं नाव वर असायला हवं."