वीस खोक्यांची विनंती

न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात स्नेहलताचं किराणा दुकान होतं. मूळची नाशिकची फार्मसिस्ट. इथल्या परीक्षा राहून गेल्या आणि गोळ्यांऐवजी डाळी विकू लागली. ऑकलंडचा घाऊक व्यापारी देवव्रत जे देईल तेच तिच्याकडे, तेच शेजारच्या दोन दुकानांत. गिऱ्हाईक टिकणार कसं? २००६ साली तिनं ठरवलं, कुणाकडे नाही ते आपण स्वतः आणायचं: भाजणी आणि मेतकूट. मार्चमध्ये दुकानाची लीज संपत होती. तोवर हे जमलं तर दुकान राहणार होतं, नाहीतर नाही.

भाजणी-मेतकूट बनवणाऱ्या सांगलीच्या राजाराम कोठावळ्यांनी कळवलं, निर्यातीला कमीत कमी दोनशे खोकी. परदेशची पाकिटं वेगळी छापावी लागतात, छापखाना थोडकी छापत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दोनशे खोकी म्हणजे अख्ख्या ख्राइस्टचर्चनं सकाळ-संध्याकाळ थालीपीठच खायला हवं!

दुकानाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असायचा, म्हणून वीस खोक्यांसाठी विनंतीची ईमेल मी लिहून दिली. पाकिटं साधी चालतील, इंग्रजी लेबलं आम्ही चिकटवू. दर दहा टक्के जास्त, पैसे आगाऊ, माल दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये थोडी जागा घेऊन आणू. खपला तर पुढची ऑर्डर साठची. इथं मी थांबायला हवं होतं. पण ओळख ना देख, ते विश्वास का ठेवतील, म्हणून मीच यादी जोडायला लावली: ख्राइस्टचर्चपासून पार उत्तर बेटावरच्या अप्पर हटपर्यंतची मराठी मंडळं, माणसं, फोन, कोण किती घेईल ते.

"सगळंच सांगायचं?" स्नेहलतानं विचारलं.

"अगं, आपलाच माणूस आहे."

परदेशात मराठी आडनाव दिसलं की आमची अक्कल गहाण पडते.

कोठावळ्यांचं उत्तर गोड आलं, विचार करून कळवतो. नंतर सहा आठवडे काही नाही. फोन केला की शेठ बाहेर गेलेले. अखेर फोन आला तो देवव्रतचा. कोठावळ्यांनी यादी त्याला दाखवली होती, बाजार तयार आहे म्हणून. त्यानं दोनशे खोकी उचलली होती, आणि न्यूझीलंडची एजन्सीही घेतली होती, म्हणजे आता हा माल फक्त त्याच्याकडूनच मिळणार. हे त्यानं अगदी आनंदानं सांगितलं. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"दहा खोक्यांखाली परवडत नाही हो, ताई," तो स्नेहलताला म्हणाला.

"आधी पाच द्या. ट्रायल म्हणून," ती म्हणाली.

"ट्रायल कशाला? तुमच्याच यादीवर तर माल आणलाय."

स्नेहलतानं दहा घेतली. चार खपली, कारण शेजारच्या दोन्ही दुकानांत तीच भाजणी आली होती, आणि यादीतल्या लोकांना देवव्रत स्वतः फोन करत होता. मार्चमध्ये तिनं लीज सोडली. उरलेली सहा खोकी त्या दोन शेजाऱ्यांपैकीच एकानं अर्ध्या दरात नेली, आणि ती गाडीत ठेवायला मी हात लावला.