चौदावा प्रश्न

माणूस खोटारडा असला की त्याचा मला इतका राग येतो की जेवण गोड लागत नाही. हा स्वभाव चांगला नाही हे मला ठाऊक आहे. पण एका माणसाचा राग मी नऊ वर्षं जपून ठेवला, आणि त्याबद्दल मला अजिबात लाज नाही.

तेव्हा मी हिंगण्याच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कारकून होते. परदेशी जाणारा माल आमच्याच आवारात कंटेनरमध्ये भरायचा, दाराला सील ठोकायचं आणि त्याचा नंबर कागदांवर चढवायचा. मग गाडी नागपूरच्याच कंटेनर डेपोत जायची. तिथं कस्टमवाले कागदावरचा नंबर आणि दारावरचा नंबर ताडून बघत. सीलांचं कपाट आणि रजिस्टर माझ्याकडे होतं. कपाटाची दुसरी किल्ली डिस्पॅच मॅनेजरकडे.

एके दिवशी डेपोत नंबर जुळला नाही. सगळा कंटेनर रिकामा करून एकेक खोका तपासला, जहाज चुकलं, कंपनीला नोटीस आली. मॅनेजरनं भर शेडमध्ये, हमालांसमोर, माझ्याकडे बोट दाखवलं. "रजिस्टर हिचं, कपाट हिचं. सील बाहेर विकते का काय, इचारा तिले." संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली. बाबा उमरेडचे, जन्मभर हातमागावर बसलेले. धोतराच्या काठात एक तार चुकली तर आख्खा काठ उसवणारे. त्यांना मी चोर ठरले हे कोणीतरी जाऊन सांगितलंच. त्या आठवड्यात ते मागावर बसले नाहीत.

पुढं मला एका सूतगिरणीत काम मिळालं. तिथं शेठना कस्टमच्या भरवशाच्या निर्यातदारांच्या यादीत जायचं होतं. त्याला सगळे एईओ म्हणतात. पहिली पायरी कागदांवर मिळाली होती. दुसरीसाठी कस्टमचे अधिकारी कारखान्यात येऊन तपासणार होते. ती मिळाली की माल फार कमी वेळा उघडला जातो, कागद लवकर सुटतात. पण त्यासाठी घर आधी स्वच्छ लागतं: कुंपण, कॅमेरे, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद, रिकाम्या कंटेनरची सात ठिकाणी, अगदी तळाखालूनसुद्धा, तपासणी, कामगारांची चौकशी. शिवाय आपल्याशी धंदा करणारे, म्हणजे ट्रान्सपोर्टवाले, एजंट, गोदामवाले, तेसुद्धा भरवशाचे आहेत याचा पुरावा आपणच ठेवायचा.

हे सगळं शेठनी माझ्यावर सोपवलं. धंद्यातल्या साथीदारांसाठीचा फॉर्म मी स्वतः बसून तयार केला. बावीस प्रश्न. चौदावा असा: तुमच्या देखरेखीखालचा सीलबंद कंटेनर कारखाना ते डेपो या वाटेत कधीही उघडला गेला आहे का? "कधीही" हा शब्द मी मुद्दाम घातला होता. कोणासाठी, ते तेव्हा मलाही स्पष्ट नव्हतं.

आणि एका मंगळवारी तोच मॅनेजर माझ्या टेबलासमोर येऊन बसला. आता त्याची स्वतःची ट्रान्सपोर्ट कंपनी होती, कन्हानला यार्ड होतं. आमच्या गिरणीचं वर्षभराचं काम त्याला हवं होतं आणि सही माझी लागणार होती.

"अरे बाप्पा, मॅडम, तुम्ही इथं!" त्याला घाम फुटला, पण हसला. "जुनं जाऊ द्या आता. माणूस आहे, होते चूक."

"चूक कोणाची?" मी विचारलं. तो चहा पीत राहिला.

फॉर्म त्यानं माझ्यासमोरच भरला. सगळेच असे भरतात: "नाही"च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच लांब रेघ, आणि खाली सही. ती रेघ चौदाव्यावरून गेली तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. लेका, म्हटलं, आता तू माझ्या हातात आलास.

दुसऱ्या किल्लीनं सील त्यानंच काढलं याची मला खात्री होती, पण पुरावा कुठं होता? यार्ड बघायला मी कन्हानला गेले ती खोट काढायच्या एकाच इराद्यानं. काहीच सापडेना. भिंत उंच, दिवे लख्ख, ड्रायव्हरांच्या फायलीत पोलिसांचे दाखले, गाडीत जीपीएस. माझा जळफळाट झाला. निघताना एक म्हातारा ड्रायव्हर माझ्या मागं मागं फाटकापर्यंत आला.

"वळखलं नाही ताई? ती गाडी मीच चालवत होतो. भांड्यायची."

मी थांबले.

"बारा खोके भरायचे राहून गेले होते. आमच्या या मालकायनं बायपासवर गाडी थांबवली, सील कापलं, खोके टाकले अन् नवीन सील लावलं. तुमच्या कपाटातलं. तुमच्यावर आळ आला तवा मी काही बोललो नाही. पोट होतं न मले."

त्याचे डोळे भरले होते. माझे नाही. माझ्या डोक्यात फक्त चौदावा प्रश्न होता.

"लिहून द्याल, भाऊ?"

"माझं नाव टाकावं लागन का?"

"नावाशिवाय त्या कागदाला काही अर्थ नाही," मी म्हणाले. यात त्याचं काय होईल हे मला कळत होतं. लोकांना वाटतं, मी रागाच्या भरात केलं. मुळीच नाही. गार डोक्यानं केलं. त्याच्या हातात पेन मीच दिलं.

शेठनी फॉर्म आणि ड्रायव्हरचा जबाब शेजारी ठेवून वाचले आणि खोटी माहिती दिली म्हणून त्या जुन्या मॅनेजरच्या कंपनीला दार बंद केलं. तो माझ्याकडे आला, हात जोडून. "नऊ वर्षं झाली मॅडम. काहून असं करता?"

"रजिस्टर माझं होतं न," मी म्हणाले. "नंबर जुळवून घेतला." त्या रात्री मी पोटभर जेवले, दोनदा भात घेतला. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं वं."

कस्टमचे लोक आले, दिवसभर फिरले. साथीदारांच्या फायलीत ती नकाराची नोंद आणि जोडलेला जबाब बघून, अशी चौकशी कोणी करत नाही, असं म्हणून गेले. दुसरी पायरी मिळाली. शेठनी पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात आमच्या नव्या ट्रान्सपोर्टवाल्यानं ड्रायव्हरांची यादी पाठवली. तिसरं नाव त्या म्हाताऱ्याचं. जुन्या मालकानं त्याला दुसऱ्याच दिवशी काढला होता. आमचा नियम असा: सील उघडण्यात ज्याचा हात होता, त्यानं आमच्या मालाला हात लावायचा नाही. नियम मीच लिहिला होता, आणि पुरावा त्याच्या स्वतःच्या अक्षरात माझ्या फायलीत होता. सोडून दिलं असतं तर उद्याच्या तपासणीत मीच खोटारडी ठरले असते. मी त्याच्या नावापुढं "नामंजूर" लिहिलं आणि सही केली.

दोन दिवसांनी तो फाटकावर आला. आत सोडायची परवानगी नव्हती, म्हणून मीच बाहेर गेले. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई," तो म्हणाला, "तुमचं नाव तर साफ झालं न?"

"झालं, भाऊ," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि कामठी रोडच्या बाजूला पायी चालू लागला.