ताहेरानं बटण दाबलं नाही

कोयत्याची पाठ जबड्यावर बसली की कसा आवाज येतो ते मला आता माहीत आहे. वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. बदनापुरात भर दुपारी, माझ्या घरासमोर, अंगदच्या बी-बियाण्याच्या दुकानात तो आवाज झाला आणि मी खिडकीशी गेले.

मारणारा रामकिसन हा अंगदचा चुलतभाऊच. दोघांची विहीर एक, पाइपलाइन एक, आणि ती कुणी फोडली यावरून दोन उन्हाळे भांडण. त्या दिवशी रामकिसन कोयता घेऊनच आत शिरला. अंगद पोत्यांवर कोसळला. त्याची बायको वंदना नवऱ्याचे खांदे धरून त्याला मागे ओढत होती. तेवढ्यात अंगदचा धाकटा भाऊ भारत गोदामातून फावड्याचा दांडा घेऊन आला. पहिल्या तडाख्यात रामकिसनच्या हातातला कोयता उडाला. दुसऱ्यात रामकिसन आडवा झाला. तिसरा तडाखा भारतनं आडव्या पडलेल्या माणसाच्या डोक्यात घातला.

हे तिसरं मी पाहिलं नाही. पोत्यांच्या थप्पीआड झालं ते. ते पाहिलं दुकानातल्या तीन नंबरच्या कॅमेऱ्यानं. आणि ते कॅमेरे बसवले होते ताहेरानं, जिची ही गोष्ट आहे.

ताहेरा माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवते. कॅमेरे बसवणं, कॉम्प्युटर दुरुस्ती, मोबाइलमधलं अडकलेलं काढून देणं. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भक्कम, नवरा वारल्यावर त्याचाच स्क्रू-ड्रायव्हर उचलून कामाला लागलेली. कामात पक्की, पण तिची एक खोड अशी की माणूस वैतागावा. पुसण्याचं काम आलं की ती विचारते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी एकदा नुसतं म्हटलं, “ताहेरा, हा कॉम्प्युटर मोकळा कर गं, रडत चालतोय.” तर म्हणे, “मोकळा म्हंजे काय काय, मॅडम? फोटो जाऊ द्यायचे? साहेबांचे पन?” साहेब म्हणजे माझा नवरा, गेलेला. मी चिडून म्हटलं, तुला कळत नाही का? ती म्हणाली, “कळतं. पन माझं कळनं चुकलं तर फोटो वापस येनार न्हाईत.” गिऱ्हाइकं तिला ‘पूछताछ केंद्र’ म्हणायची. मीही म्हणायचे.

तर, रामकिसनला त्याच्या माणसांनी जीपमध्ये टाकून जालन्याला नेलं, अंगदला वंदनानं दुसऱ्या गाडीतून. पोलीसही आधी दवाखान्याकडेच धावले. दुकानात राहिलं रक्त, सांडलेलं सोयाबीनचं बी आणि भारत. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि ताहेराला हाक मारली. मी तिच्यामागून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला बोलावणं लागत नाही.

काउंटरमागं लोखंडी कपाटात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. ताहेरानं टीव्ही लावून चित्रण मागं नेलं आणि तिघांनी ते पाहिलं. तिसऱ्या तडाख्याला भारतनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ओकला.

तेवढ्यात ताहेराचा फोन वाजला. अंगद. गाडीतूनच. तिनं आवाज मोठा केला.

“आपा...” एवढं समजलं. मग घशातली गुळगुळ, गाडीचा खडखडाट, मागं वंदनाचं ‘बोलू नका, बोलू नका’. “...तीन नंबर... सगळं...” पुढं नुसती हवा आणि रक्त. फोन बंद. ताहेरानं उलटा लावला, कुणी उचलला नाही.

“ऐकलं ना?” भारत म्हणाला. “तीन नंबर सगळं पुसून टाक म्हन्ला दादा.”

“पुसून कुठं म्हन्ले?”

“मंग काय आरती करायला सांगून राह्यला का? जबडा फुटलाय त्याचा! भाऊ हाय माझा. मला वाचवायलाच फोन केला त्यानं. काढ, जल्दी.”

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. दुसरं काय असणार? आणि ताहेरालाही वाटलं, तिनं नंतर कबूल केलं. या भारतनं तिच्या मुलीच्या लग्नात रात्रभर पाणी वाढलं होतं. तिनं पासवर्ड टाकला, यादी उघडली.

“भारतभाऊ, ह्याच्यात एकट्या तीन नंबरचं पुसता येत न्हाई. डिस्कच फॉरमॅट करावी लागती. चारी कॅमेरे, महिनाभराचं सगळं जाईल.”

“जाऊ दे की!”

पडद्यावर प्रश्न आला: सर्व माहिती जाईल, पुढे जायचं का? तिचं बोट माउसवर होतं. ते तिथंच राहिलं. मग तिनं ‘नाही’ दाबलं, रेकॉर्डर रीतसर बंद केला आणि वायरी काढायला लागली.

“काय करून राह्यली तू?”

“बंद केला. बंद राह्यला की जुन्यावर नवीन चढत न्हाई. पुसायचंच असलं तर तासाभरानं पन पुसता येतं. आता पुसलं अन् अंगदभाऊ म्हन्ले ‘ठेव’, तर मी कुठून आनू? चला, त्यायला विचारू.”

“त्याला तोंड न्हाई राह्यलं बोलायला!”

“मान तर हाय.”

भारत तिच्या अंगावर गेला. ती कपाटातून रेकॉर्डरचा डबा बाहेर ओढत होती, डावा हात अजून आतच होता, आणि त्यानं कपाटाचं लोखंडी दार लाथेनं बंद केलं. पुन्हा तोच आवाज, लहान. दोन बोटं. ती किंचाळली, पण उजव्या हातातला डबा सोडला नाही. त्यानं तिचे केस धरले. “पासवर्ड सांग! तुझं काय जातं, रांडे? तुझा भाऊ फासावर जानार हाय का?” मी काउंटरवरचं दोन किलोचं वजन उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. पासष्टीच्या बाईच्या हाताला जेवढं येतं तेवढं जोरात. तो वळला तोवर मी शटरखालून ताहेराला बाहेर काढलं होतं.

तो डबाच फोडू शकला असता, असं कुणी म्हणेल. पण फुटलेला डबा पोलिसांच्या डोळ्यांवर येतो, हे त्यालाही माहीत होतं.

जालन्यापर्यंत गाडी मीच चालवली. ताहेराच्या मांडीवर रेकॉर्डर, वर ओढणीत गुंडाळलेला हात, ओढणी लाल. मी म्हटलं, “आधी तुझी बोटं दाखवू.” ती म्हणाली, “आधी त्यायला ऑपरेशनला नेतील मॅडम. मंग दोन दिवस विचारता येनार न्हाई. रेस जरा वाढवा.”

अंगद खाटेवर, तोंडाला पट्ट्या, उशी रक्तानं भिजलेली. डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीला वर गेलेले. वंदना आमच्यावरच ओरडली, “त्यायला आता कशाला छळता?”

ताहेरानं छळलं. ती वाकली आणि विचारलं, “अंगदभाऊ, पुसू का?” त्यानं मान हलवली. हो. माझा जीव भांड्यात पडला, संपलं एकदाचं. पण ही बाई परत विचारते, “का ठेवू?” त्यानं परत मान हलवली. हो!

दुखण्यानं घेरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पहिल्या ‘हो’वर मी थांबले असते.

तिनं त्याचे दोन्ही हात चादरीबाहेर काढून आपल्या हातांत घेतले. “डावा दाबला तर पुसायचं. उजवा दाबला तर ठेवायचं. आधी ऐका. पुसलं तर वापस येनार न्हाई. त्याच्यात तीन गोष्टी हायेत. रामकिसननं आधी कोयता चालवला, ते दिसतं. वंदनाभाभीचे दोन्ही हात तुमच्या खांद्यावर हायेत, ते दिसतं. अन् भारतभाऊनं खाली पडलेल्याला मारलं, ते पन दिसतं. जातील तर तिन्ही जातील.”

तोवर भारत मोटरसायकलवर मागोमाग पोचला होता. तो दारातच खाली बसला, मघाशी दुकानात लाथ मारणारा माणूस राहिलाच नव्हता तो. “दादा,” म्हणाला, “दादा, पुस म्हन. लेकरं हायेत माझे. दादा!”

अंगदनं त्याच्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही. मग बायकोकडं. मग ताहेराच्या हातात त्याची उजवी बोटं आवळली. ती तिचीच मोडलेली बाजू होती, ती दात खाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आता उलट करते. आता उजवा म्हंजे पुसायचं, डावा म्हंजे ठेवायचं. परत दाबा.”

“अगं बस कर!” मीच ओरडले.

त्यानं डावा दाबला. पट्टीतून ताजं रक्त आलं.

भारत उठला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. शिपायांनी त्याला तिथंच धरलं. ताहेरानं रेकॉर्डर पंचांसमोर फौजदाराच्या ताब्यात दिला, सही केली, आणि मग कुठं खाली बसून घेतलं.

रामकिसन तिसऱ्या दिवशी मेला. त्याच्या माणसांनी फिर्याद दिली, की अंगदनं आधी वार केला आणि वंदनानं रामकिसनचे हात मागं धरले होते. चार साक्षीदारही उभे केले. चित्रण नसतं तर नवरा-बायको दोघंही आत गेले असते. एकटा भारत गेला. त्या तिसऱ्या तडाख्यासाठी. खटला चालू आहे. वकील म्हणतो, आधीचे दोन तडाखे आणि तो कोयता दिसतो म्हणून काहीतरी आशा आहे. तेही त्याच चित्रणात. दैवशाला ही भारतची बायको मात्र ताहेराच्या दुकानासमोरून जाताना थुंकते. मी एकदा तिला बोलायला उठले, तर ताहेरानं मला हातानं खाली बसवलं. बोटं वाकडीच जुळलीत तिची.

अंगद जगला, पण बोलणं गेलं. म्हणजे तो बोलतो, कळत नाही. गावातली माणसं चांगली आहेत, त्याचं ऐकून ‘हो हो, बरोबर’ म्हणून माना डोलावतात. त्यामुळं चहा मागितला की पान येतं.

परवा तो ताहेराच्या दुकानात आला. हातात पेनड्राइव्ह, त्याच चित्रणाची त्याच्याकडची नक्कल. काहीतरी म्हणाला.

“कळलं न्हाई. परत बोला.”

तो परत म्हणाला. लाळ गळली.

“न्हाई कळलं.”

त्यानं टेबलावर मूठ आपटली, स्क्रू उडाले. मी आत भाजी निवडत होते, विळी घेऊनच बाहेर आले. ताहेरा जागची हलली नव्हती. तिनं पेनड्राइव्ह लावला, चित्रण उघडून त्याच्याकडं पडदा फिरवला. “हे? हे पुसायचं? असली कोर्टात राहील, वकिलाकडं राहील. तुमची नक्कल जाईल. तुमाला परत बघता येनार न्हाई.”

अंगदनं पडद्यावरच्या भावाकडं पाहिलं. दांडा वर उचललेला. त्यानं ताहेराचा वाकड्या बोटांचा हात धरला आणि दाबला.

“ह्या हाताचं आपन काय ठरवलं न्हाई,” ती म्हणाली. “तोंडानं सांगा. मी थांबते.”

त्याला बराच वेळ लागला. जबडा एका बाजूला सरकला, मान ताणली गेली, आणि शेवटी शब्द बाहेर पडला. मलाही दारातून कळला.

“पुस.”

तिनं पुसलं.