विहिरीच्या नोंदी कोणी पुसल्या

आमच्या नंदाखालच्या वाडीत कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असा एक समज आहे. तो मीच पसरवला. ऑफिसात वीस वर्षं पत्रं टाइप करणाऱ्या माणसाला गावात एवढा मान पुरतो. त्या मानाच्या जोरावर मी काय केलं, ते इथे लिहितो आहे. लिहून हलकं वाटेल असं म्हणतात. मला अजून वाटलेलं नाही.

शेजारी सर राहतात. मला चौथीला त्यांनी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ते आपल्या विहिरीवर जातात, गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून आत सोडतात, पाणी किती खाली आहे ते मोजतात, मग ओंजळभर पाणी चाखतात. गोड, मचूळ, खारट. तारीख, गाठी, चव, एवढंच वहीत लिहायचं. पंधरा वर्षं त्यांनी हे केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचतही नव्हतं. मग रस्त्यापलीकडे टँकरवाल्याने नवी मोठी बोअर मारायचं ठरवलं, वाडीकऱ्यांनी हरकत घेतली, तहसील कार्यालयात सुनावणी लागली, आणि विहिरी आटताहेत, खारावताहेत याचा पुरावा फक्त त्या वह्यांत आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

वह्या मात्र तोवर रद्दीत गेल्या होत्या. माझ्याच सल्ल्याने. दोन सुट्ट्या घालवून मी त्यांच्या पानापानाचे फोटो काढले, माझ्या ईमेलच्या खात्यात फोल्डर करून चढवले आणि सरांना सांगितलं, "आता ही वाळवीची धन कशाला ठेवता?" सरांनी विद्यार्थ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या नोंदी ते कागदावर लिहून फोटो काढत आणि ईमेलने पाठवत, कागद चुलीत. त्यांना वेगळं खातं, वेगळा पासवर्ड यांचा त्रास नको म्हणून मी माझंच खातं त्यांच्या फोनवर चालू करून दिलं होतं. म्हणजे सर माझ्याच खात्यातून मलाच पत्रं पाठवत. ही योजना मला फार सुटसुटीत वाटली होती.

एका मंगळवारी ऑफिसात डबा खाताना मेल आली, की जागा भरली आहे, चोवीस तासांत खात्री न केल्यास खातं बंद होईल. मी लगेच पासवर्ड भरला. फोनवर आलेला सहा आकडी कोडही भरला. पान पुढे सरकेना, म्हणून त्या मेलला नम्रपणे उत्तर लिहिलं की अडचण येते आहे, कृपया सहकार्य करावं, आणि सोयीसाठी पासवर्ड सोबत जोडला. चोराला इतकं सौजन्य क्वचितच मिळत असेल.

तिसऱ्या दिवशी पुतणीचा फोन आला. ती गोरेगावला एका कंपनीत लोकांची बंद पडलेली खाती उघडून देण्याचं काम करते. "काका, तुम्ही मला कुठलं बक्षीस पाठवलंय?" तिने विचारलं. मी पाठवलं नव्हतं. माझ्या नावाने ते सगळ्यांना गेलं होतं. पुतणीचं लग्न ठरवताना भेटलेल्या, मग नकार कळवलेल्या मंडळींनासुद्धा. आणि माझा फोन नवा पासवर्ड मागत होता.

तिने मला सुट्टी टाकून घरच्याच कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं. नेहमीचं मशीन, नेहमीचं इंटरनेट असेल तर खात्याचा खरा मालक ओळखणं ईमेलवाल्या कंपनीला सोपं जातं, आणि चोराने फोन नंबर बदलला असला तरी जुना नंबर थोडे दिवस चालतो, म्हणून घाई करायची. संध्याकाळी ती स्वतः आली. जुन्या नंबरावर कोड आला, खातं उघडलं. तिने नवा पासवर्ड घातला, बाकी सगळी उपकरणं बाहेर काढली, आणि मग एक नियम दाखवला. तो चोराने करून ठेवला होता. "लिंक" किंवा "हॅक" असा शब्द असलेली कुठलीही मेल थेट कचरापेटीत जावी. म्हणजे ज्या चार भल्या माणसांनी मला सावध केलं होतं, त्यांची पत्रं मी बघण्याआधीच कचऱ्यात. तिने तो नियम काढला, अनोळखी पत्त्यावर जाणारी प्रत्येक मेलची नक्कल बंद केली, सायबर तक्रार नोंदवायला लावली.

इनबॉक्स रिकामा होता. फोल्डर रिकामा होता. कचरापेटीही झाडून पुसून रिकामी. चोर माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला.

"कोणी क्लिक केलं?" पुतणीने विचारलं.

मी म्हणालो, "सरांच्या फोनवरही हेच खातं आहे."

हे खोटं नव्हतं. मी फक्त एक खरी गोष्ट सोयीच्या जागी ठेवली. पुतणीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळली. तेवढ्यात सर आले. त्यांचाही फोन पासवर्ड मागत होता. झालेलं ऐकून ते खुर्चीच्या कडेवर टेकले. म्हणाले, तसली मेल त्यांच्याही फोनवर दिसली होती आणि त्यांनी ती उघडली होती. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार." पुतणी म्हणाली की नुसती उघडल्याने एवढं होत नाही. सरांना ते पटलं नाही. मी ते पटवायला गेलो नाही.

कचरापेटीतूनही पुसलेल्या मेल परत मागायचा एक फॉर्म असतो, आणि फायलींसाठीही तशीच विनंती करता येते. पुतणीने दोन्ही भरले. तिने बजावून सांगितलं, की थोड्या दिवसांपूर्वी पुसलेलंच मिळतं, मिळेल याची हमी नाही, आणि जे मिळेल ते सगळं येतं, निवडून मागता येत नाही. शिवाय सरांना स्वतंत्र खातं काढून द्यायचं. एक खातं दोन फोनवर ठेवायचं नाही. मी मान डोलावली. पण रविवारी सरांना नोंद पाठवायची होती, म्हणून माझंच खातं पुन्हा त्यांच्या फोनवर चालू करून दिलं.

तिसऱ्या दिवशी मेल परत आल्या. आठवडाभरात फोल्डरही भरला. दोन वर्षांची पानं मात्र आली नाहीत. मी पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, बाकीचं सगळं आलं आणि नेमकी सलग दोन वर्षंच नाहीत, तर ती आत्ता गेलेली नसणार. आधीच कधीतरी गेली असतील." मी म्हटलं, बघतो.

बघायचं काही नव्हतं. मला आठवलं. गेल्या वर्षी जागा खरोखरच भरली होती. पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ चढवायचे होते. मी सगळ्यात जड फायली शोधल्या, त्या दोन वर्षांच्या पानांचे, नव्या फोनने मोठे मोठे काढलेले फोटो होते, कसले ते न बघता निवडले, पुसले, कचरापेटीही रिकामी केली. चोराने नेलेलं परत आलं. मी साफ केलेलं परत यायला फार उशीर झाला होता.

सुनावणीसाठी लिहायच्या निवेदनात ही दोन वर्षं का नाहीत ते सांगणं भाग होतं. सरांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: "सदर कालावधीच्या नोंदी माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाल्या." माझ्या म्हणजे सरांच्या. खाली सरांची सही. मी ते नीट मार्जिन सोडून छापलं. एका जागी स्वल्पविराम राहिला होता, तोही घातला.

त्या रविवारी सर दोर मोजून थेट माझ्या अंगणात आले. हातात फोन. परत आलेल्या मेल ते रोज संध्याकाळी वाचत बसायचे, हे मला माहीत होतं. काय काय परत आलं असेल याचा विचार मात्र मी केला नव्हता.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

माझंच पत्र होतं. कृपया सहकार्य करावं. सोबत पासवर्ड. वर मंगळवार, दुपारचा एक वाजून दहा मिनिटं.

"हो सर."

सर पायरीवर बसले. अंगठ्याने फोनची काच पुसली. मग म्हणाले, "मी गेल्या शनिवारी फादरांकडे पाप कबूल करून आलो. म्हटलं, माझ्या बेपर्वाईने गावाचं नुकसान झालं. फादरांनी प्रायश्चित्त दिलं, ते केलं. गुडघे अजून दुखताहेत." ते माझ्याकडे बघत होते. "तुझं पाप मी कबूल करून आलो रे."

मी म्हणालो, सर, मी सांगणारच होतो.

"कधी? सुनावणी झाल्यावर?"

मी चहा विचारला. सर नको म्हणाले, पण उठलेही नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी निवेदन आणायला सांगितलं, ते वाक्य पेनने खोडलं आणि वर लिहिलं: "खात्यात परक्याने शिरून नोंदी पुसल्यामुळे." माझं नाव त्यांनी घातलं नाही. पुन्हा छापून आण, एवढंच म्हणाले आणि गेले.

म्हणजे माझी सुटका झाली होती. दोन वर्षांचा दोष आता चोरावर होता, आणि चोर काही तहसील कार्यालयात हजर राहून ते नाकारणार नव्हता. लग्नाच्या व्हिडिओंची गोष्ट मला एकट्याला माहीत होती. मी निवेदन छापलं. पुन्हा मार्जिन नीट सोडलं.

सुनावणीला आम्ही आठजण गेलो. टँकरवाल्याचा वकील परत मिळवलेल्या नोंदींची पानं उलटत होता. दोन वर्षांच्या जागी येऊन तो थांबला आणि म्हणाला, खातं फोडणारा माणूस नेमकी हीच दोन वर्षं कशी घेऊन गेला? पाणी याच दोन वर्षांत चांगलं होतं का? सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा काढून उभे राहिले आणि खरंच विचार करू लागले. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ते बोलत नाहीत. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. सरांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी बनावट आहेत, असं आता लोकांना वाटायला लागणार होतं.

मी उठलो.

"ती चोराने पुसली नाहीत," मी म्हणालो. "मी पुसली. गेल्या वर्षी. जागा करायला. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. बाकीचं सगळं जसंच्या तसं परत आलेलं आहे, कंपनीचं उत्तर आणि सायबर तक्रारीची पोच जोडलेली आहे."

"कशासाठी जागा?" वकिलाने विचारलं.

"लग्नाच्या व्हिडिओंसाठी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी माझं म्हणणं लेखी द्यायला सांगितलं, शेजारच्या कारकुनाला नोंदीत दोन वर्षांचा खंड असल्याचं लिहायला सांगितलं, बाकीच्या नोंदी दाखल करून घेतल्या. मग पान उलटून म्हणाले, "पुढे."

मी खाली बसलो. सर माझ्या शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं.